हातात किती येणार?

आज दुपारी दांडिया बाजारातली एक मुलगी आईला घेऊन ऑफिसात आली. हातात आम्हीच पाठवलेलं ऑफर लेटर. काकूंनी एवढंच विचारलं, “अहो, हिला महिन्याला हातात किती येणार?”

पत्रात फक्त सीटीसी होतं, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ३,६०,००० रुपये. घरी सगळ्यांनी महिना ३०,००० धरले होते. मी कागदावर मांडून दाखवलं. बेसिक १५,०००. त्यावर कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे ७२० सीटीसीतच धरलेले. उरले २७,४८०. त्यातून तिचा पीएफ १,८००, व्यवसाय कर २००. हातात २५,४८०. काकू गप्प झाल्या. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी बसून पत्र नव्यानं लिहिलं. हा हिशेब आता पहिल्याच पानावर आहे. “व्यवस्थापनाच्या मान्यतेच्या अधीन राहून” रुजू होण्याऐवजी थेट तारीख घातली. पडताळणीची अट मात्र काढली नाही, ती खरीच अट आहे. फक्त उघड लिहिली: “आधीच्या नोकरीची कागदपत्रं खोटी निघाली, तर ही ऑफर रद्द होईल.” आधी तिथं “प्रतिकूल निष्कर्ष” होतं, म्हणजे काहीही बसवता आलं असतं.

उद्या वकीलसाहेबांना दाखवून तिला पाठवते.