खोगीर उतरलं की गडाबडा

“खोगीर काढलं रे काढलं की घोडा मातीत का लोळतो? एवढं स्वच्छ अंग का माखून घेतो?”

एकदा खोगीर उतरवल्या उतरवल्या त्या जागेवर तळहात ठेवून बघा. केस ओले, चपटे, कातडीला चिकटलेले असतात. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्यामुळे घाम तेलकट केसांवरूनही पसरतो आणि वाऱ्यावर वाळून अंग थंड होतं. घासलं की त्याचाच साबणासारखा फेस येतो. खोगीर आवळणाऱ्या तंगाच्या पट्ट्याच्या कडेला दिसणारा पांढरा फेस तो हाच. पण खोगिराखाली वारा पोचत नाही. तासा-दोन तासांचा घाम तिथंच मुरतो, त्यातलं मीठ कातडीवर राहतं, आणि वरचा भार हलला की ती जागा खाजायला लागते.

आणि खाजवणार कशानं? माशी बसली तर घोडा तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो. तोंड कुशीपर्यंत पोचतं, मागचा खूर फार तर कानामागे. पाठीचा मधला भाग मात्र त्याच्या हाती कधीच लागत नाही. तिथं जमीनच लागते. वाळू खाजवते, ओल शोषते, चिकटलेले केस सुटे करते. केस पुन्हा उभे राहिले की त्यांच्यात हवा खेळते आणि पाठ वाळते. म्हणून मला ते माखणं वाटत नाही, तो त्याचा स्वतःचा खरारा आहे. खोगीर कधीच न चढलेले घोडेही लोळतात, पावसात भिजल्यावर तर हमखास.

त्याची रीत बघण्यासारखी असते. मान खाली घालून जमीन हुंगतो, पुढच्या पायानं उकरतो, एक-दोन घिरट्या घेतो. मग पुढचे गुडघे दुमडून बसतो, कुशीवर कलंडतो आणि चारी पाय वर करून पाठ घासतो. उठताना आधी पुढचे पाय ताणतो, मग मागचा भाग उचलतो. आणि शेवटी डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग असं झाडतो की धुळीचा लोट उठतो. माझी नजर असते ती या झाडण्यावर.

एकदा संध्याकाळी एका घोडीला फिरवून, श्वास शांत झाल्यावर खोगीर काढलं आणि वाळूत सोडलं. ती लोळली, उठली, पण अंग झाडलं नाही. वाळू पाठीवर तशीच. मान वळवून कुशीकडे बघत राहिली, पुढच्या पायानं उकरलं, परत बसली. पुढ्यात गवत टाकलं तर हुंगलंही नाही. स्वारी संपून अर्धा तास झाला होता, तरी जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून पंधरा सेकंदांत चौदा ठोके मोजले, म्हणजे मिनिटाला 56. विश्रांतीत असलेल्या मोठ्या घोड्याचे साधारण 28 ते 44 असतात. मी लगेच डॉक्टरांना बोलावलं आणि ते येईपर्यंत चारा काढून घेऊन तिला सावकाश चालवलं. पोटात वायू धरला होता. इंजेक्शननंतर तासाभरात ठोके 40 वर आले आणि रात्री तिनं लीद टाकली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. खाजेचं लोळणं एकदा-दोनदा होतं, अंग झाडून संपतं आणि घोडा चाऱ्याकडे वळतो. पोटशुळाचं लोळणं संपत नाही.

म्हणून लोळू द्यायचं ते मोकळ्या, मऊ, दगड नसलेल्या जागी आणि नजरेसमोर. भिंतीला खेटून लोळला तर पाय भिंतीकडे अडकतात आणि त्याला उठताच येत नाही. खोगीर अंगावर असताना गुडघे दुमडायला लागला तर त्याला ताबडतोब पुढे हाका, नाहीतर खोगिराचा सांगाडा मोडेल आणि पाठही दुखावेल.

लोळू देण्याआधी मी पाठीवरचा घामाचा ठसा बघून घेते, कारण मातीत तो पुसला जातो. दोन्ही बाजूंना सारखी ओल असेल तर ठीक. ओल्या पाठीत हाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथं खोगीर बहुधा इतकं दाबतंय की घामही सुटत नाही. अशा जागी बोटं फिरवली की घोडा पाठ खाली घेतो का, तेही बघते.

दुसऱ्या दिवशी खोगीर चढवण्याआधी खरारा करून वाळूचा कण न् कण काढायचा. काल ज्या वाळूनं खाज भागवली, तीच खोगिराखाली राहिली तर पाठ सोलून काढते.