डिपॉझिटमधून किती कापायचं? माझी यादी आणि जुने फोटो

भाडेकरूंनी घर सोडायची तारीख कळवली, त्याच रात्री मी वजावटीची यादी करून ठेवली. पूर्ण घराचं रंगकाम, बेडरूमची लॅमिनेट फरशी, सिंकखालचं फुगलेलं कपाट, बाथरूमची तडकलेली टाइल. डिपॉझिट १०० धरलं तर बेरीज ५८ झाली. तीन वर्षांपूर्वी ताबा देताना केलेली नोंद तोवर मी उघडलीही नव्हती. घर बघायच्या आधीच निकाल लावून बसलो होतो.

सामान हलल्यावर दिवसाउजेडी मी आणि भाडेकरू मिळून पाहणीला गेलो. ताबा देतानाची यादी ज्या क्रमाने होती, त्याच क्रमाने खोल्या घेतल्या, आणि जुना फोटो जिथे उभं राहून काढला होता तिथेच उभं राहून नवा काढला. हे फार उपयोगी पडलं. कोन बदलला की तीच भिंत वेगळी दिसते आणि मग वाद भिंतीवरून न होता फोटोवरून होतो. भिंतीलगत टॉर्च आडवा धरला की खड्डे आणि लांबी भरलेल्या जागा सावलीमुळे लगेच उठून दिसतात.

हॉलच्या भिंतीवर फ्रेमच्या जागी फिकट-गडद चौकोन होते आणि खिळ्यांची बारीक भोकं. ही राहत्या घराची झीज, तिचे पैसे मागता येत नाहीत. पण टीव्हीचा स्टँड उपटून काढला होता आणि चार ठिकाणी प्लास्टर निघून आलं होतं. ते नुकसानच. मी म्हटलं, “म्हणजे भिंत रंगवावी लागणार.”

ते म्हणाले, “रंग शेवटचा कधी दिला होता?”

त्यांच्या आधी दोन वर्षं. म्हणजे रंगाला पाच वर्षं झाली होती आणि तेवढंच आयुष्य मी स्वतः धरतो. ते तिथे राहिले नसते तरी आता घर रंगवावंच लागलं असतं. मग उरलं फक्त प्लास्टर भरणं. ३० वरून आकडा २ वर आला.

कपाटाच्या बाबतीत तर मलाच मान खाली घालावी लागली. त्यांनी मोबाईलवर जुना मेसेज दाखवला: “सिंकखाली पाणी ठिबकतंय.” त्याखाली माझं “बघतो”. प्लंबर पाठवला तो पाच आठवड्यांनी. प्लायवूड फुगलं ते त्याच काळात. भाडेकरूने वेळेवर कळवलं असेल तर पुढचं नुकसान मालकाचं.

टाइलवर मात्र मी ठाम होतो. नोंदीत बाथरूमपुढे मी एकच शब्द लिहिला होता, ‘ठीक’. ते म्हणत होते तडा आधीपासून आहे. शेवटी गीझरचा जुना फोटो मोठा करून पाहिला, तर खालच्या कोपऱ्यात त्या तड्याचं टोक दिसलं! फोटो माझाच होता. शपथेवर सांगितलं असतं की टाइल धड होती.

खरं मोजमाप करावं लागलं ते बेडरूमच्या फरशीचं. इस्त्रीचा डाग तीन पट्ट्यांवर होता आणि तो त्यांनी लगेच मान्य केला. मला अख्ख्या खोलीची फरशी बदलायची होती, कारण तीन नव्या पट्ट्या वेगळ्या दिसणार. पण जुन्या पट्ट्या फिकट झाल्या त्या उन्हाने, त्याला इस्त्री काय करणार? शिवाय बसवल्या तेव्हाच्या काही पट्ट्या माळ्यावर पडून होत्या. फरशी त्यांच्या ताब्याच्या वेळी नवी होती, आयुष्य साधारण १० वर्षं धरलं, वापरून झाली ३. म्हणून तीन पट्ट्यांच्या किमतीचा ७/१० भाग: २ पैकी १.४. मजुरी ३, कारण या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, मधली काढायची तर भिंतीपासून ओळीने सुटी करत यावं लागतं. मजुरी मी पूर्ण धरली. तिलाही तोच ७/१० लावावा असं कोणी म्हणालं तर मी फार भांडणार नाही. त्यांनी काही म्हटलं नाही.

स्वयंपाकघरातल्या चिमणीवर तेलाचा थर होता. ताबा देतानाच्या फोटोत ती लख्ख होती, म्हणून साफसफाईचे १.६.

एकूण ८. प्रत्येक वजावटीपुढे जुना फोटो, नवा फोटो आणि हिशेब लावून कागद त्यांना दिला, त्यांनी वाचून सही केली. उरलेले ९२ त्याच आठवड्यात परत केले.

त्या तीन पट्ट्या अजूनही जरा गडदच दिसतात. नव्या भाडेकरूच्या यादीत मी तसं लिहिलंय, आणि टाइलच्या तड्याशेजारी मोजपट्टी धरून काढलेला फोटोही जोडलाय.