आधी क्रमांक, मग आकडे: आमच्या हिशेबलेखन कार्यालयाची वाटचाल

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्याच वर्षी आम्ही दोन टेबले, एक जुना संगणक आणि एक छपाईयंत्र एवढ्या भांडवलावर व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचे कार्यालय सुरू केले. व्यापारी महिनाभराच्या विक्रीबिलांचे फोटो मोबाइलवर पाठवत. आम्ही त्यांवरून विक्री नोंदवही तयार करून दरनिहाय बेरजा काढत असू आणि पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपूर्वी जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरत असू. बिलबुक दुकानातून हलवावे लागत नाही, ही सोय व्यापाऱ्यांना फार आवडली. दोन वर्षांत आमच्याकडे एकोणीस दुकाने झाली.

त्यांतील पहिले दुकान सिमेंट, पाइप आणि लोखंडी सामानाचे होते. त्याच्या मालकांना आम्ही आजही शेठ म्हणतो. आमच्या उतरत्या काळात त्यांनी आम्हाला सोडले नाही, म्हणून हा मजकूर लिहिताना सर्वांत आधी त्यांची आठवण होते. विशेष म्हणजे ज्या चुकीने आमचे कार्यालय बंद पडण्याच्या टोकाला गेले, ती चूक त्यांच्याच बिलांत झाली होती.

२०१९ च्या ऑक्टोबर महिन्याची त्यांची बिले ११४३ पासून १३४६ पर्यंत होती, म्हणजे २०४ क्रमांक. आमच्याकडे फोटोही २०४ आले. संख्या जुळली, म्हणून आमच्या मुलाने निर्धास्तपणे नोंदी केल्या, बेरजा घेतल्या आणि विवरणपत्र भरले गेले. प्रत्यक्षात ११८७ आणि १२६० या दोन रोखीच्या बिलांचे फोटो दोनदा आले होते, आणि १२०९ व १२१० ही दोन बिले आलीच नव्हती, कारण बिलबुकाची ती दोन पाने एकमेकांना चिकटून राहिली होती. दोन जास्त आणि दोन कमी, त्यामुळे मोजणी बरोबर आणि नोंदवही चूक.

येथे एक बाब नीट समजून घेतली पाहिजे. नोंदणीकृत खरेदीदाराचे बिल विवरणपत्रात स्वतंत्रपणे दाखवावे लागते, त्यामुळे एकच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर तो सहज उघडा पडतो. किरकोळ गिऱ्हाइकांची बिले मात्र दरानुसार एकत्रित बेरजेने जातात, आणि त्या बेरजेत एखादे बिल दोनदा मिसळले तरी ते पकडणारे कोणी नसते. आमची दोन्ही दुबार बिले रोखीची होती, म्हणून ती गुपचूप बेरजेत मिसळून गेली.

राहिलेल्यांपैकी १२१० हे बिल एका कंत्राटदाराचे होते. त्यात ५०,००० रुपयांचे सिमेंट २८ टक्के दराने आणि २०,००० रुपयांचे पाइप १८ टक्के दराने होते. पहिल्यावर १४,००० आणि दुसऱ्यावर ३,६०० असा एकूण १७,६०० रुपये कर होता. त्याच ऑक्टोबरच्या ९ तारखेला नियमांत बदल झाला होता. विक्रेत्यांनी न दाखवलेल्या बिलांवरचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, ठरावीक मर्यादेपर्यंतच घेता येईल, असे त्यात ठरले. त्यामुळे विक्रेत्यांनी आपल्या नावावर दाखवलेली बिले ज्यात दिसतात ते जीएसटीआर-२ए ज्यांनी आजवर उघडूनही पाहिले नव्हते, ते खरेदीदार एकेक बिल ताडून पाहू लागले. कंत्राटदाराला आपले बिल दिसले नाही आणि त्यांनी शेठांचे १७,६०० रुपये अडवून ठेवले.

आम्ही ते बिल पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात मूळ तारखेने दाखवले, दुबार लागलेली रोखीची बिले वजा करून दिली आणि उशिराने भरलेल्या करावरचे वार्षिक १८ टक्क्यांचे व्याज आमच्या खिशातून भरले. व्याजाची रक्कम किरकोळ होती, पण बाजारातली पत किरकोळ नसते. कंत्राटदार दहा दुकानांत जात असत आणि दहाही ठिकाणी त्यांनी ही हकिकत सांगितली.

नेमके तेव्हाच आमच्या खालच्या मजल्यावर आणखी एक कार्यालय उघडले. त्याचे चालक काही काळ आमच्याच टेबलावर बसून शिकलेले होते. त्यांनी आमच्या निम्म्या दरात काम घ्यायला सुरुवात केली आणि सकाळी फोटो द्या, संध्याकाळी विवरणपत्र घ्या, असे सांगितले. निम्म्या दरात काम करण्याला आमची हरकत नव्हती आणि आजही नाही. पण ते प्रत्येक बिलाची एकच ओळ लिहीत आणि बिलात जो दर जास्त रकमेला लागला असेल, तोच संपूर्ण बिलाला लावत, हे आम्हाला नंतर परत आलेल्या दोन दुकानांच्या वह्यांवरून कळले. तीन महिन्यांत आमची अकरा दुकाने गेली. आम्ही चूक केली होती, ती मान्य करून भरपाई केली होती, आणि तरीही चुकीच्या पद्धतीने लिहिणाऱ्याकडे लोक गेले, याचा सल अजून मनात आहे.

शेठ गेले नाहीत. त्या आठवड्यात ते कार्यालयात आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “चूक झाली ती झाली. पुढच्या महिन्यात ती कशी होणार नाही, एवढे मला समजावून सांगा.” त्यांना समजावण्यासाठी आम्ही जे कागदावर मांडले, तीच आमची आजची पद्धत आहे.

पहिला नियम असा की, रकमेला हात लावण्यापूर्वी क्रमांक पूर्ण करायचे. महिन्याच्या पहिल्या बिलापासून शेवटच्या बिलापर्यंत सर्व क्रमांक स्प्रेडशीटच्या एका पानावर A2 पासून खाली ओळीने लिहून ठेवायचे आणि आलेल्या प्रत्येक फोटोचा क्रमांक Photo नावाच्या दुसऱ्या पानावर A रकान्यात नोंदायचा. मग पहिल्या पानावर प्रत्येक क्रमांकासमोर हे सूत्र ठेवायचे:

```
=COUNTIF(Photo!A:A,A2)
```

उत्तर १ आले तर ठीक, ० आले तर बिल आलेले नाही, २ आले तर दुबार आहे. त्या ऑक्टोबरला हे सूत्र असते तर १२०९ आणि १२१० समोर शून्य दिसले असते. ही मोजणी विक्री नोंदवहीच्या पानावर कधीही करू नये, कारण तेथे एकाच बिलाच्या दोन-तीन ओळी असतात आणि मोजणी फसते. रद्द केलेल्या बिलाचाही फोटो मागवावा. विवरणपत्राच्या तक्ता १३ मध्ये क्रमांक कुठून कुठपर्यंत गेले आणि त्यांतील किती रद्द झाले हे द्यावे लागते. तो तक्ता पुष्कळ जण शेवटी घाईघाईने भरतात, आम्ही तो सर्वांत आधी तयार करतो.

दुसरा नियम असा की, एका बिलाची एक ओळ लिहायची नाही, बिलातल्या प्रत्येक दराची एक ओळ लिहायची. त्या काळातले शेठांचे एक साधे बिल घेऊ. सिमेंट ६,००० रुपये, त्यावर २८ टक्क्यांनी १,६८० रुपये कर. पाइप २,५०० रुपये, त्यावर १८ टक्क्यांनी ४५०. फावडी ८०० रुपये, ती करमाफ. बिलाची रक्कम ११,४३०. या एका बिलाच्या तीन ओळी होतात, आणि प्रत्येक ओळीत बिल क्रमांक, तारीख, खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक, दर, करपात्र मूल्य, केंद्राचा कर आणि राज्याचा कर यांचे रकाने असतात. राज्याबाहेरच्या विक्रीसाठी एकात्मिक कराचा रकाना वेगळा असतो. बिल पूर्ण रुपयांत आणण्यासाठी वाढवलेली किंवा घटवलेली पैशांची रक्कम स्वतंत्र रकान्यात ठेवावी. ती करपात्र मूल्यात मिसळली की महिनाअखेर बेरीज काही रुपयांनी हलते आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

फोटोवरून वाचताना सर्वाधिक घोटाळा ३ आणि ८ यांचा होतो, विशेषतः कार्बन प्रतीवर. वरच्या उदाहरणात १,६८० चे कोणी १,६३० वाचले, तर ६,००० च्या २८ टक्क्यांशी ते जुळणार नाही आणि ओळ लगेच लाल होईल. म्हणून प्रत्येक ओळीचा आडवा ताळा घ्यावा, म्हणजे मूल्य गुणिले दर बरोबर कर. नंतर त्या बिलाच्या सर्व ओळींची बेरीज बिलावरच्या एकूण रकमेशी जुळवावी, कारण एखादी ओळ पूर्णपणे राहून गेली असेल तर आडवा ताळा गप्प बसतो आणि एकूण रक्कम बोलते. हे झाल्यावरच उभी बेरीज घ्यावी:

```
=SUMIFS(Sales!F:F,Sales!E:E,18)
```

येथे Sales हे विक्री नोंदवहीचे पान आहे, त्याच्या F रकान्यात करपात्र मूल्य आणि E रकान्यात दर आहे. प्रत्येक दराची अशी बेरीज घेऊन त्यांची एकत्र बेरीज महिन्याच्या एकूण विक्रीशी जुळली पाहिजे. करमाफ मालाची बेरीज वगळू नये, तिला तक्ता ८ मध्ये स्वतंत्र जागा आहे.

जीएसटी क्रमांकाबद्दल एक सूचना, कोणी विचारली नसली तरी. त्याची पंधरा अक्षरे असतात. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्रासाठी २७, नंतरची दहा म्हणजे पॅन, आणि शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. त्यामुळे फोटोवरून एखादे अक्षर चुकीचे वाचले गेले तर ते बहुतेक वेळा तपासणीतच सापडते. तपासणी न करता भरल्यास बिल खरेदीदाराकडे पोहोचत नाही आणि पुन्हा कंत्राटदाराची गोष्ट घडते.

फोटो काढण्याची शिस्तही शेठांनीच लावून घेतली. आम्ही त्यांना एक लोखंडी दिवा आणि बिल दाबून धरणारी काचेची पट्टी दिली. ते रोज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी त्या दिवसाची बिले क्रमाने ठेवतात. मोबाइलची सावली बिलाच्या तळाशी, म्हणजे नेमकी एकूण रकमेवर पडते, म्हणून दिवा डावीकडून लावतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जाऊन अक्षरे पुसट होतात, म्हणून ते फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतात.

त्यानंतरच्या पाच वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. गेलेल्या अकरांपैकी सहा दुकाने परत आली, नवीनही आली. पण २०२५ चा सप्टेंबर सांगितलाच पाहिजे. २२ सप्टेंबरपासून सिमेंटचा दर २८ वरून १८ टक्के झाला, आणि शेठांच्या एकाच महिन्याच्या नोंदवहीत सिमेंट दोन दरांत आले. आमच्या मुलीने फोटो लावताना २३ तारखेची तीन बिले बाजूला काढली, कारण त्यांत सिमेंटला २८ टक्केच लावले होते. आडवा ताळा बरोबर होता, एकूण रक्कम बरोबर होती, सूत्रांनी काहीच दाखवले नव्हते. तारीख आणि माल एकत्र वाचणाऱ्या माणसालाच ती चूक दिसू शकत होती.

तिन्ही बिले नोंदणीकृत कंत्राटदारांची होती. आम्ही शेठांना फोन केला, त्यांनी तिन्ही बिलांच्या पूर्ण रकमेच्या क्रेडिट नोटा काढून १८ टक्क्यांची नवी बिले दिली, आणि ती सर्व त्याच महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये गेली. २८ टक्क्यांच्या बेरजेत आता फक्त २१ तारखेपर्यंतचे सिमेंट उरले आणि विवरणपत्र ९ ऑक्टोबरला भरले गेले.