टाके निघाल्यानंतरचं वर्ष

ऑक्टोबरात, गोड्या छाटणीच्या धांदलीत, दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत मांडवाची तुटलेली तार माझ्या उजव्या हाताला लागली. कोपराच्या आतल्या घडीच्या जरा वरून खाली तीनेक इंच कातडी उघडी पडली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आणि नाशिकला येऊन टाके घातले. सांध्याजवळची जखम असल्यामुळे टाके जवळजवळ दोन आठवडे ठेवावे लागले. चेहऱ्यावरचे टाके आठवड्याच्या आत काढतात, पण हाताच्या घडीजवळ कातडी सतत ओढली जाते, म्हणून इथे घाई चालत नाही. याची किंमत म्हणजे टाक्यांच्या भोकांचे बारीक ठिपके रेषेच्या दोन्ही बाजूंना राहतात. माझे अजून आहेत.

टाके निघाले तेव्हा वण इतका छान दिसत होता की मला वाटलं, झालं काम. एक पातळ गुलाबीसर रेष, बस्स. डॉक्टर मात्र म्हणाले, "आता हा बिघडणार. दोन-तीन महिने आणखी लाल, कडक, जाड होईल. घाबरू नका आणि कुणाचं काही लावू नका." कारणही सांगितलं. टाके निघतात तेव्हा आतल्या जोडाला मूळ कातडीच्या ताकदीचा अगदी थोडा भाग आलेला असतो. शरीर मग घाईघाईने कोलॅजन हे कातडी बांधून ठेवणारं प्रथिन ओततं आणि नंतर महिनोन्‌महिने ते नीट लावत बसतं. वर्षानंतरही त्या जागेची ताकद मूळच्या साधारण 80 टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणून पहिले काही आठवडे जड बादली उचलणं बंद, आणि वणावर लांबीच्या दिशेने कागदी टेप लावून ठेवायचा, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण रेषेवर येत नाही. टेप ओला झाला तरी चालतो. तो दर वेळी ओढून काढायचा नाही, सुटेपर्यंत राहू द्यायचा.

खपली पूर्ण पडली आणि कुठेही ओल राहिली नाही, तेव्हा सिलिकॉन शीट सुरू केली. उघड्या जखमेवर ती लावायची नसते. ती औषध नाही. वणाच्या वरच्या थरातून पाणी उडून जाणं ती कमी करते, आणि तो थर ओलसर राहिला की खालच्या पेशी जादा कोलॅजन बनवायचं थोडं आवरतं घेतात, असं समजलं जातं. शीट वणापेक्षा चारी बाजूंनी थोडी मोठी कापायची. पहिल्या दिवशी चारेक तास, मग हळूहळू वाढवत रोज 12 तासांच्या वर. रोज काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायची आणि टॉवेलने न पुसता हवेवर वाळवायची, नाहीतर धागे चिकटून चिकटपणा जातो. तो धुऊनही परत आला नाही की नवा तुकडा. हे निदान दोन-तीन महिने, माझ्यासारख्या जाड होणाऱ्या वणाला सहा महिनेसुद्धा.

मालिश टाके निघाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुरू झालं. इथे बहुतेकांचं मालिश म्हणजे कातडी नुसती चोळणं असतं. बोटाने दाबल्यावर वणाचा रंग फिका पडला पाहिजे, एवढा दाब हवा. बोट कातडीवरून घसरू न देता कातडीच खालच्या मांसावर गोल फिरवायची, मग आडवी, मग उभी, शेवटी चिमटीत धरून किंचित उचलायची. पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. लावायला साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरतं. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावायचा सल्ला मला तिघांनी दिला, पण त्याने काहींना पुरळ येतं आणि फायदा सिद्ध झालेला नाही. आमच्या आई (सासूबाई) तूप घेऊन बसायच्या. मालिशला मी तेही लावलं, त्यांनाही बरं वाटलं. फक्त मालिशनंतर तेलकटपणा धुऊन हात पूर्ण कोरडा करायचा, नाहीतर शीट टिकत नाही. मालिशनंतर तासाभरात उतरणारी लाली ठीक. दुसऱ्या दिवशीही सूज, ओल किंवा ठसठस राहिली तर थांबायचं.

डिसेंबर-जानेवारी हा सगळ्यात वाईट काळ. वण जांभळट तपकिरी, कडक, आणि रात्री खाज. आपल्या सावळ्या कातडीत लाली लालभडक दिसत नाही, ती अशी काळपट दिसते, आणि तिथेच माणूस मेडिकलमधून "डाग जायचं" क्रीम आणतो. अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने कातडी पातळ होते आणि आसपासची जागा पांढुरकी पडते.

माझ्या वणाचा खालचा दोन इंचाचा भाग फेब्रुवारीपर्यंत सपाट होऊ लागला. कोपराच्या घडीला ओलांडणारा वरचा तुकडा मात्र दोरीसारखा उठून राहिला. केलॉइड आहे का, ही भीती होती. डॉक्टरांनी पेनने कडा आखून दिल्या आणि दर महिन्याला त्याच उजेडात फोटो काढायला सांगितला. उंचवटा मूळ जखमेच्या कडेच्या आतच राहिला तर तो जाड वण, सहसा कालांतराने बसतो. कडा ओलांडून चांगल्या कातडीत पसरू लागला तर केलॉइड, तो आपोआप जात नाही. माझा आतच राहिला. तरी तीन महिने शीट लावूनही तो तुकडा खाली बसेना, म्हणून त्यात ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड टोचून घेतलं, काही आठवड्यांच्या अंतराने दोन वेळा. दुखतं, हे आधीच सांगते. गाठ बसली, खाज गेली, पण तिथली कातडी जरा फिकी आणि किंचित खोलगट झाली. हा धोका डॉक्टरांनी आधी सांगितला होता. डॉक्टरांनी तपासून दिलेलं हे स्टेरॉइड आणि दुकानातलं क्रीम यांत हाच फरक.

एप्रिलमध्ये खरी कसोटी लागली. खरड छाटणी आणि चाळिशीकडे जाणारं नाशिकचं ऊन. शीटखाली घाम साचून घामोळं उठलं, म्हणून शीट रात्रीवर आणली आणि दिवसा सिलिकॉन जेल. जेल अगदी पातळ लावून चार-पाच मिनिटं वाळू द्यायची, मग सनस्क्रीन, निदान एसपीएफ 30, आणि बागेत असले की दर दोन तासांनी परत. पारदर्शक शीट ऊन अडवते असं समजू नये. स्कूटरवर मी सनकोट घालतेच, पण ब्रेक दाबताना बाही वर सरकते आणि नेमकी ती जागा उघडी पडते. म्हणून सनकोटखालीही सनस्क्रीन. नव्या वणाला ऊन लागलं की तो काळा पडतो आणि तो काळेपणा वणाच्या मूळ रंगापेक्षा जास्त महिने टिकतो. वर्षभर, जमलं तर दीड वर्ष, हे सोडायचं नाही.

आता वर्ष झालंय. खालचा भाग सपाट, मऊ, कातडीपेक्षा अर्धी छटा फिका. रेषेची रुंदी मात्र टाके काढले तेव्हापेक्षा जास्त आहे आणि ती शीटने किंवा मालिशने कमी होत नाही. त्यावर केस उगवत नाहीत, घामही येत नाही. कातडीवरून बोट फिरवलं की वरचा तुकडा अजून जाणवतो. दीड वर्षानंतर वण कापून पुन्हा शिवता येतो, असं डॉक्टर म्हणाले. पण रेष घडीला उभीच ओलांडणार, ताण तोच राहणार, आणि नवा वणही तिथेच जाड होऊ शकतो. नागमोडी चीर देऊन दिशा बदलता येते, पण ते हात सरळ होत नसेल तर करण्यासारखं. माझा हात पूर्ण सरळ होतो, म्हणून मी नको म्हटलं.