तीनशे किलो जादा, नफा कमी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याचे खर्चाचे हिशेब तपासायला मी गेलो, तेव्हा मालकांचा प्रश्न अगदी साधा होता. वर्षभरापूर्वी ते रोज 1000 किलो टॉवेल विणत आणि आता 1300 किलो विणतात, तर वाढलेला नफा जातो कुठे? त्यांना कारकुनावर संशय होता आणि सुताच्या नासाडीवरही. मी दोन दिवस वजनाच्या नोंदी पाहिल्या, पण त्यांत काहीच सापडले नाही.

सापडले ते त्यांच्याच वहीत. 1000 किलो असताना किलोमागे सरासरी खर्च 355 रुपये येत होता, तो 1300 किलोंवर साधारण 347 रुपये 50 पैशांवर उतरला होता. या उतरत्या आकड्याचे त्यांना मोठे कौतुक होते. "साहेब, खर्च कमी, विक्री 382 ने, म्हणजे प्रत्येक किलोला चौतीस रुपये सुटतात. मग अजून चार माग का घेऊ नयेत?" असे ते म्हणाले. बेरीज मात्र वेगळेच सांगत होती : पूर्वी दिवसाला 45,000 रुपये उरत आणि आता 44,800 उरत होते.

मी वही बाजूला ठेवून शंभर-शंभर किलोंचे टप्पे मांडायला घेतले. सरासरीत भाडे, कर्जाचे हप्ते आणि कायम नोकरांचे पगार, असे रोजचे 50,000 रुपये मिसळलेले असतात. ते जास्त मालावर विभागले गेले की सरासरी आपोआप उतरते, पण जादा किलो विणायला नेमके किती जादा पैसे लागले, हे तिच्यातून कळत नाही. पहिल्या 100 जादा किलोंना मागांचे रिकामे तास मिळाले होते, त्यामुळे सूत 245, रंगाई व वीज 40 आणि विणकराची मजुरी 20 असा किलोमागे 305 रुपयांचाच जादा खर्च आला. पुढच्या शंभरासाठी विणकरांना जादा वेळ थांबवावे लागले आणि त्या वेळेची मजुरी कायद्याने दुप्पट असल्याने तोच खर्च 325 झाला. शेवटच्या शंभरासाठी सूत बाहेरच्या मागांवर जॉबवर्कला द्यावे लागले आणि खर्च 338 वर गेला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला सीमान्त खर्च म्हणतात तो हाच, आणि सरासरी खाली येत असताना तो वर चढत होता.

विक्रीच्या बाजूने तर आणखी गंमत होती. प्रत्येक जादा 100 किलो खपवायला त्यांनी भाव 6 रुपयांनी उतरवला होता, 400 वरून 394, मग 388, मग 382. "नव्या व्यापाऱ्यालाच कमी भाव लावा ना," असे सुचवले असते, पण टॉवेलबाजारात एकाला दिलेला भाव संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होतो, त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकांनाही तोच द्यावा लागला. पहिल्या टप्प्यात नव्या 100 किलोंचे 39,400 रुपये आले, पण जुन्या 1000 किलोंवर 6,000 गेले. म्हणजे हातात 33,400 वाढले, किलोमागे 334. ही सीमान्त प्राप्ती. ती पुढच्या टप्प्यात 322 आणि त्यापुढच्यात 310 भरली. मालकांच्या डोळ्यांसमोर 382 होते, तर शेवटच्या किलोंनी गल्ल्यात प्रत्यक्षात 310 आणले होते आणि त्यासाठी 338 खर्च झाले होते.

पहिल्या टप्प्यात 334 विरुद्ध 305, म्हणून तो करायलाच हवा होता. दुसऱ्यात 322 विरुद्ध 325, म्हणजे सीमान्त प्राप्ती आणि सीमान्त खर्च यांच्या रेषा 1100 आणि 1200 किलोंच्या दरम्यान एकमेकींना छेदतात. त्याच्या अलीकडे थांबले तर मिळणारे पैसे सोडून दिल्यासारखे होते, आणि पलीकडचा प्रत्येक किलो आधीच्यांनी कमावलेल्यातून खातो. 1100 किलोंवर नफा 47,900 बसत होता.

मालक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी खणातून एक पत्र काढले. परराज्यातील एका हॉटेल-पुरवठादाराने रोज 200 किलो पांढरे टॉवेल 345 रुपयांनी मागितले होते, पण ते सरासरी खर्चापेक्षा कमी म्हणून त्यांनी नाकारले होते. तो माल सोलापूरच्या बाजारात येणार नव्हता, त्यामुळे इथल्या भावाला धक्का लागत नव्हता आणि त्या मालाची सीमान्त प्राप्ती पूर्ण 345 होती, म्हणजे 325 आणि 338 या दोन्हींपेक्षा जास्त. इथे 1100 आणि तिकडे 200 असे मांडले, तर तेवढ्याच 1300 किलोंवर दिवसाचा नफा 50,600 येत होता. चार नव्या मागांचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. त्यांनी पुरवठादाराला फोन लावला, पण त्याने मधल्या काळात दुसऱ्याकडून 340 चा भाव मिळवला होता. मालकांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले. मी कागदावरच्या 338 वर बोट ठेवले.