हिशेबात हरवलेले पंधरा मिलिव्होल्ट

डिसेंबरातली पुण्याची बोचरी सकाळ, टी.वाय.चं साडेसातचं प्रॅक्टिकल: सिल्व्हर क्लोराइड पाण्यात किती थोडं विरघळतं ते विद्युत घटाने मोजायचं. घट 25 अंशांवर राहावा म्हणून मी वॉटर बाथ आधीच लावून ठेवला होता. एका बीकरमध्ये 0.1 मोलर सिल्व्हर नायट्रेट, दुसऱ्यात 0.1 मोलर पोटॅशियम क्लोराइड, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून दुधाळ केलेलं. दोन्हींत चांदीची तार, मधे क्षारसेतू.

क्लोराइडच्या बीकरमध्ये चांदीचे आयन इतके थोडे उरतात की एरवी ते मोजणं अवघड. पण तारांमधल्या विभवांतरावरून दोन्हीकडच्या आयनांचं गुणोत्तर कळतं: दर 59 मिलिव्होल्टला दसपट.

एका मुलीला 0.444 व्होल्ट मिळाले. गुणोत्तर आलं सुमारे 3.2 कोटी, आणि सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे द्रावणातल्या चांदी आणि क्लोराइड आयनांच्या संहतींचा गुणाकार, 3.1 × 10⁻¹⁰. पुस्तकात 1.8 × 10⁻¹⁰.

"मॅडम, जवळजवळ दुप्पट येतंय. काय चुकलं?"

दुप्पट ऐकायला मोठं वाटतं. घटाच्या भाषेत तो जेमतेम 15 मिलिव्होल्टचा फरक. मला आधी क्षारसेतूचाच संशय आला. तो पोटॅशियम क्लोराइडचा असला तर सिल्व्हर नायट्रेटच्या बाजूच्या टोकाशी पांढरा गढूळपणा येतो आणि वाचन हळूहळू उतरत जातं. पण सेतू पोटॅशियम नायट्रेटचाच होता, टोक स्वच्छ, वाचन स्थिर. मग दोन्ही तारा एकाच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून पाहिल्या: एक मिलिव्होल्टही फरक नाही. म्हणजे घट बरोबर होता.

वही मागितली. तिने दोन्ही द्रावणांची संहती सरळ 0.1 धरली होती. पण घटाला कळते ती आयनांची क्रियाशीलता, म्हणजे प्रत्यक्षात जाणवणारी संहती; खरी संहती एका गुणांकाने गुणली की ती मिळते. या संहतीला आयन एकमेकांना इतके ओढून धरतात की सिल्व्हर नायट्रेटचा गुणांक 0.734 आणि पोटॅशियम क्लोराइडचा 0.770 भरतो. दोघांचा गुणाकार 0.565. त्याने 3.1 ला गुणलं की येतात 1.8.

तिला ते लगेच पटलं नाही, आणि मला ते आवडलं. उत्तर जुळावं म्हणून शोधलेला आकडा वाटला असणार तिला. म्हटलं, "दोन्ही द्रावणं दहापट पातळ कर. खरोखर आयनांच्या ओढाओढीमुळे असेल, तर चूक आपोआप कमी व्हायला हवी."

0.01 मोलरला वाचन आलं 0.335 व्होल्ट. काहीही दुरुस्ती न करता उत्तर 2.2 × 10⁻¹⁰. इथे दोन्ही गुणांक 0.90 च्या आसपास. ते धरले की पुन्हा 1.8.

"म्हणजे सकाळचं वाचन खोडायचं नाही?" तिने विचारलं.

"अजिबात नाही."

तिने जर्नलमध्ये दोन्ही वाचनं शेजारी शेजारी लिहिली आणि खाली गुणांकांसाठी वेगळा रकाना आखला.