झेड-स्कोअर शून्यावर आला, पैसे मात्र आले नाहीत

पेअर ट्रेडमधला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या दोन शेअरपैकी महाग वाटणारा विकून दुसरा घेण्याच्या सौद्यातला, सगळ्यात फसवा आकडा कुठला, असं विचारलं तर मी रोलिंग रिग्रेशनमधून निघणाऱ्या झेड-स्कोअरकडे बोट दाखवेन. दोन शेअरमधलं नातं तुटलेलं असतं, सौदा तोट्यात असतो, आणि पडद्यावर हा आकडा मात्र निवांतपणे शून्याकडे सरकत असतो. असं का होतं आणि ते वेळेत कसं ओळखायचं, यासाठी मी जी पद्धत वापरतो ती इथे एका उदाहरणावर मांडतो. उदाहरणातले आकडे समजावण्यापुरते, सोयीचे घेतले आहेत.

मांडणी नेहमीचीच. शेअर अ आणि शेअर ब एकाच उद्योगातले. दोघांच्या समायोजित बंद भावांचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि मागच्या ६० सत्रांवर अ चं ब वर साधं रिग्रेशन चालवायचं. उतार म्हणजे बीटा, तोच हेज रेशो. रिग्रेशनची रेषा वजा करून उरतं ते स्प्रेड, आणि स्प्रेडला त्याच्या प्रमाण विचलनाने भागलं की झेड-स्कोअर.

इथेच एक चूक सर्रास होते. लॉग भावांवर काढलेला बीटा हा रकमांचं गुणोत्तर सांगतो: अ मध्ये १,००,००० लावले तर ब मध्ये बीटा गुणिले १,००,०००. थेट भावांवर रिग्रेशन केलं असेल तर तोच आकडा शेअरच्या संख्येचं गुणोत्तर असतो. रिग्रेशन लॉगवर आणि ऑर्डर शेअरच्या संख्येवर अशी सरमिसळ झाली, तर हेज पहिल्या दिवसापासूनच वाकडा बसतो आणि मग तुटलेलं नातं शोधण्यात काही अर्थ उरत नाही.

विंडो किती ठेवायची हे मी स्प्रेडच्या हाफ-लाइफवरून ठरवतो. स्प्रेडमधला रोजचा बदल आदल्या दिवशीच्या स्प्रेडवर रिग्रेस केला की जो ऋण उतार मिळतो, त्यातून अंतर निम्मं व्हायला किती दिवस लागतात ते निघतं. आपल्या जोडीत ते ८ दिवस आहे असं धरू. विंडो त्याच्या सहा-आठ पट असावी. त्याहून खूप लहान घेतली तर बीटा स्प्रेडच्याच मागे धावतो आणि जे पकडायचं तेच गिळून टाकतो. खालच्या कोडमध्ये `a` आणि `b` म्हणजे अ आणि ब च्या समायोजित बंद भावांच्या pandas मालिका.

```python
import numpy as np
import statsmodels.api as sm
from statsmodels.regression.rolling import RollingOLS

y, x = np.log(a), np.log(b)
fit = RollingOLS(y, sm.add_constant(x), window=60).fit()
p = fit.params.shift(1)
e = y - p.iloc[:, 0] - p.iloc[:, 1] * x
```

यातलं `shift(1)` विसरलं तर आजचा भाव आजच्याच बीटामध्ये शिरतो आणि मागे जाऊन केलेली चाचणी प्रत्यक्षापेक्षा देखणी दिसते.

आता सौदा. त्या दिवशी अ चा भाव ५००, ब चा २५०. बीटा ०.८०, स्प्रेड ०.०६, त्याचं प्रमाण विचलन ०.०३, म्हणजे झेड-स्कोअर २. अ महाग आहे, म्हणून अ चे २०० शेअर शॉर्ट (१,००,०००) आणि ब चे ३२० शेअर लाँग (८०,०००).

३० सत्रांनंतर अ ५४० वर आहे आणि ब २५५ वर. रोलिंग रिग्रेशन आता बीटा १.१५ दाखवतंय, स्प्रेड ०.०१ आणि झेड-स्कोअर जेमतेम ०.३. नियम सांगतो, स्प्रेड परतला, नफा घ्या. खात्यात काय आहे? शॉर्टवर २०० गुणिले ४०, म्हणजे ८,००० चा तोटा. लाँगवर ३२० गुणिले ५, म्हणजे १,६०० चा नफा. निव्वळ ६,४०० गेले.

गोम अशी की झेड-स्कोअर दोन कारणांनी हलतो. एक, भाव खरोखर हलले म्हणून. दुसरं, मोजायची पट्टीच हलली म्हणून. हे दोन भाग वेगळे करणं अवघड नाही. सौद्याच्या दिवशीचा बीटा गोठवायचा आणि फक्त भावांमुळे झालेला बदल मोजायचा. अ चा लॉग बदल ०.०७७, ब चा ०.०१९८. त्यातून ०.०७७ वजा ०.८० गुणिले ०.०१९८, म्हणजे साधारण अधिक ०.०६१. गोठवलेलं स्प्रेड ०.०६ वरून ०.१२१ झालं, आपल्या विरुद्ध दुप्पट. रोलिंग स्प्रेड मात्र ०.०६ वरून ०.०१ वर आलं, म्हणजे उणे ०.०५. मधला उणे ०.१११ चा फरक सगळाच्या सगळा नव्या बीटाने आणि नव्या अंतःखंडाने भरून काढला. खात्यात फक्त पहिला भाग जमा होतो. पट्टी हलल्याचे पैसे कोणी देत नाही.

म्हणून चालू असलेल्या प्रत्येक सौद्यासाठी मी रोज दोन रेषा शेजारी शेजारी ठेवतो: गोठवलेलं स्प्रेड आणि रोलिंग स्प्रेड. त्या एकत्र हलत असतील तर ठीक. रोलिंग रेषा खाली येतेय आणि गोठवलेली तिथेच आहे किंवा वर चाललीय, ही माझ्या लेखी पहिली खूण.

जाता जाता अंतःखंडाबद्दल. ब चा लॉग ५.५ च्या आसपास असल्यामुळे बीटा जरा वाढला की अंतःखंड त्याच्या जवळपास साडेपाच पट घसरतो. आपल्या उदाहरणात तो १.७४ वरून उणे ०.०९ वर गेला. हे पाहून दचकण्यात अर्थ नाही आणि त्यावर सूचना लावण्यातही नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचंच असेल तर ब च्या लॉगमधून एक ठरावीक आकडा, समजा सौद्याच्या दिवशीचा लॉग, आधी वजा करून मगच रिग्रेशन करावं.

बाकी नेहमीचे पहारेकरी इथे झोपलेले असतात. आर-स्क्वेअरवर माझा भरवसा नाही: दोन्ही भाव एकाच दिशेने चढत असतील तर काहीही संबंध नसलेल्या मालिकांचाही आर-स्क्वेअर उंच येतो, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच दाखवलं. रोजच्या परताव्यांमधला सहसंबंधही फसवतो. ०.०६१ हे अंतर ३० दिवसांत पडलं, म्हणजे दिवसाला ०.२ टक्के. ८ दिवसांचं हाफ-लाइफ आणि ०.०३ विचलन असलेलं स्प्रेड एरवीही दिवसाला सुमारे १.२ टक्के हलतंच. त्या गोंगाटात ०.२ टक्क्यांची गळती दिसणार नाही. ३० दिवसांच्या सरासरीचा टी-आकडासुद्धा १ च्या खालीच राहतो. दोन्ही शेअर रोज हातात हात घालून चालत राहतात आणि तरीही दूर जातात. तुटणं मूक असतं ते या अर्थाने.

स्प्रेड सरासरीकडे परतणारं आहे का हे तपासणाऱ्या एडीएफ चाचणीतही एक सापळा आहे. स्प्रेड आपणच रिग्रेशनने घडवलेलं असल्यामुळे नेहमीची ५ टक्क्यांची मर्यादा, उणे २.८६, इथे चालत नाही. दोन मालिकांच्या एंगल-ग्रेंजर चाचणीसाठी मोठ्या नमुन्यात ती उणे ३.३४ च्या जवळ असते, आणि statsmodels मधलं `coint` हे फंक्शन योग्य मर्यादा स्वतः लावतं. पण ६० दिवसांच्या तुकड्यावर ही चाचणी इतकी दुबळी असते की धडधाकट जोडीही पुष्कळदा नापास होते. जोडी निवडताना लांब इतिहासावर ती वापरावी. चालू सौद्याची नाडी तिच्यावर पाहू नये.

मग नाडी कशावर पाहायची? प्रश्न उलटा विचारून. स्प्रेड भरकटतंय का, हे सिद्ध करायला फार दिवस लागतात. पण स्प्रेड जितकं परतायला हवं होतं तितकं परतलं का, हे लवकर कळतं. हाफ-लाइफ ८ दिवस असेल तर ०.०६ चं अंतर ८ दिवसांनी ०.०३, १६ दिवसांनी ०.०१५ आणि २४ दिवसांनी ०.००७५ असं अपेक्षित आहे. या वाटेभोवतीचा पट्टाही काढता येतो: १६ व्या दिवशी त्याचं विचलन साधारण ०.०२९ असतं. समजा आपल्या जोडीत गळती एकसारखी आहे. तर १६ व्या दिवशी गोठवलेलं स्प्रेड सुमारे ०.०९३ वर असेल. अपेक्षेपासूनचं अंतर ०.०७८, म्हणजे अडीच विचलनांहून जास्त. मी इथे बाहेर पडतो. तोटा ३,३०० च्या आसपास, म्हणजे झेड-स्कोअर शून्यावर येण्याची वाट पाहणाऱ्याच्या निम्मा.

मर्यादा अडीच आहे, दोन नाही, त्याला कारण आहे. छोट्या नमुन्यातून काढलेलं हाफ-लाइफ खऱ्यापेक्षा कमी येतं आणि ज्या विंडोवर रेषा बसवली तिथलंच विचलनही कमी दिसतं. दोनवर पट्टा ठेवला तर चांगल्या जोड्याही उगाच सोडाव्या लागतात. आणखी एक: स्प्रेड सलग १५-२० दिवस एकाच बाजूला राहणं हे ८ दिवसांच्या हाफ-लाइफला अगदी साधारण आहे. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

बाहेर पडण्याआधी मात्र एक तपासणी करतो, कारण बीटा हलण्याची काही कारणं निरुपद्रवी असतात. तोच बीटा ६०, ९० आणि १२० दिवसांच्या विंडोवर काढून एकाच आलेखावर ठेवायचा. खरी तूट असेल तर आधी ६० ची रेषा वळते, मग ९० ची, शेवटी १२० ची, आणि तिन्ही एकाच बाजूला. पण ६० ची रेषा एका दिवसात टुणकन उडाली आणि बाकीच्या जागच्या जागी राहिल्या, तर बरोबर ६० सत्रांपूर्वी काय झालं होतं ते पाहा. तेव्हाचा एखादा टोकाचा दिवस विंडोच्या शेपटातून गळून पडलेला असतो; आज काहीच घडलेलं नसतं. आणि तिन्ही रेषांच्या स्प्रेडला एकाच दिवशी पायरी पडली असेल, तर आधी विभाजन, बोनस किंवा लाभांशाचं समायोजन चुकलंय का ते बघावं. मूक तुटण्याला अशी पायरी नसते, उतार असतो.

सौदा चालू असताना नव्या बीटाप्रमाणे हेज बदलत राहावं का, यावर मतभेद आहेत. माझं उत्तर नाही असं आहे. ०.८० वरून १.१५ वर नेण्यासाठी, मूळच्या १,००,००० च्या हिशेबाने, ब मध्ये आणखी ३५,००० घालावे लागतील, म्हणजे ज्या जोडीवरचा विश्वास उडतोय तिच्यातच पोझिशन वाढवायची. बीटा सौद्याच्या दिवसापेक्षा पाव हिश्श्याहून जास्त हलला आणि विंडोच्या तपासणीत तूट खरी ठरली, तर मी दोन्ही पाय एकाच वेळी बंद करतो. एक पाय ठेवून दुसरा सोडला की ती जोडी राहत नाही, एकतर्फी पैज होते.

पुन्हा त्याच जोडीत शिरायचं असेल तर पूर्ण ६० सत्रं थांबतो, म्हणजे विंडोमध्ये तुटण्याआधीचा एकही दिवस उरत नाही. जुने आणि नवे दिवस मिसळलेल्या विंडोचा बीटा हा दोन वेगळ्या नात्यांमधला मधला आकडा असतो, आणि त्या मधल्या आकड्यावर जोडी कधीच चाललेली नसते. त्यानंतर नव्या बीटाला गोठवून पुढची २४ सत्रं, म्हणजे तीन हाफ-लाइफ, कागदावरच चालवतो आणि तिथे स्प्रेड अपेक्षित वाटेने परतलं तरच ऑर्डर टाकतो.